ब्युरेट आणि पिपेटचं रीडिंग नेमकं कुठे चुकतं: बारावीच्या एका टायट्रेशनवरून

मागच्या बॅचमधली एक मुलगी जर्नल घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, तीन वेळा केलं, तिन्ही वेळा वेगळं आलं." जर्नलमध्ये आकडे होते 10.3, 10.1 आणि 10.0. मी विचारलं, "मग सीबीआर काय धरलीस?" तर म्हणाली, "10.1, मधला आहे ना." आता सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे जे रीडिंग परत परत तेच येतं ते, तिनातलं मधलं नव्हे. पण मी तिला ते लगेच बोलले नाही, कारण खरा प्रश्न वेगळा होता, की एकाच बाटलीतलं द्रावण, एकच ब्युरेट, एकच पिपेट आणि एकच माणूस असताना 0.3 मिली गेलं कुठे. ते शोधायला आम्ही दोघी अर्धा तास बसलो आणि त्या अर्ध्या तासात जे सापडलं तेच इथे लिहितेय, म्हणजे अकरावी-बारावीला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जे नव्याने ब्युरेट हातात घेताहेत त्यांना उपयोग होईल.

प्रयोग नेहमीचाच. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, ज्याची मोलॅरिटी काढायची आहे. पिपेटने 10 मिली ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, 0.05 मोलर, कोनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक टाकायचं, 60 ते 70 अंशापर्यंत गरम करायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत वरून परमँगनेट सोडत जायचं. हिशेब सोपा आहे, ऑक्झॅलिकचे पाच मोल असतील तर परमँगनेटचे दोन लागतात, आपल्याकडे ऑक्झॅलिक 0.5 मिलिमोल म्हणजे परमँगनेट 0.2 मिलिमोल. टायटर, म्हणजे ब्युरेटमधून लागलेलं परमँगनेट, 10.0 मिली आलं तर मोलॅरिटी 0.0200, आणि 10.3 आलं तर 0.0194. ग्रॅममध्ये बघायचं तर लिटरला 3.16 ग्रॅम की 3.07 ग्रॅम, जवळजवळ तीन टक्के फरक, आणि तोही फक्त काच नीट न हाताळल्यामुळे.

आधी ब्युरेट भरताना

ब्युरेट पाण्याने धुतलं की पाण्याचे थेंब आतल्या भिंतीला चिकटून राहतात का ते बघा. स्वच्छ काचेवरून पाणी एकसारख्या पातळ थरात खाली सरकतं, आणि काच तेलकट असेल तर जागोजागी थेंब लटकतात. असे लटकलेले थेंब दिसले तर पुढचं सगळं करून काही फायदा नाही, कारण जे द्रावण भिंतीवर अडकलं ते ब्युरेटच्या आकड्यात "गेलं" असं धरलं जातं पण फ्लास्कमध्ये पोचलेलं नसतं. साबणाच्या पाण्याने आणि ब्युरेटच्या ब्रशने धुवा, परत पाण्याने आणि शेवटी जे द्रावण भरायचं त्याच्याच 5-5 मिलीने दोनदा रिन्स करा, आडवं धरून फिरवत, आणि थोडं नॉझलमधूनही सोडा.

मग फनेल लावून शून्याच्या जरा वरपर्यंत भरायचं आणि भरून झालं की फनेल काढून ठेवायचं. हे जवळपास निम्मी मुलं विसरतात. फनेलच्या दांडीला थेंब लटकलेला असतो, तो टायट्रेशन चालू असताना कधीतरी ब्युरेटमध्ये पडतो, पातळी तेवढी वर चढते आणि तुमचं रीडिंग कमी येतं, आणि हे का झालं याचा पत्ता नंतर कधीच लागत नाही कारण थेंब पडताना कोणी बघितलेला नसतो.

नॉझलमधला बुडबुडा

त्या मुलीच्या 10.3 चा मुख्य गुन्हेगार हाच होता. कॉकच्या खाली जी निमुळती नळी असते तिच्यात, रिकामं ब्युरेट भरताना, हवा अडकून बसते. आता ही हवा तिथेच शेवटपर्यंत बसून राहिली तर काही बिघडत नाही, कारण सुरुवातीलाही ती होती आणि शेवटीही आहे. बिघडतं ते ती मधेच निघून गेली तर. बुडबुडा बाहेर पडला की त्याची जागा ब्युरेटमधलं द्रावण घेतं, वरची पातळी तेवढी खाली उतरते, पण ते द्रावण फ्लास्कमध्ये गेलेलं नाही, ते नॉझलमध्ये बसलंय. म्हणजे टायटर खोटं वाढलं.

किती वाढतं? नॉझलच्या नळीचा आतला व्यास साधारण 2 मिमी धरा आणि हवेचा दांडा 2 सेंटीमीटर लांब, तर त्याचं आकारमान येतं 0.06 मिली, म्हणजे एक थेंब आणि वर थोडं. नळी रुंद असेल आणि पूर्ण नळीच रिकामी राहिली असेल तर 0.2 मिलीपर्यंत सहज जातं. तिचं पहिलं रीडिंग जास्त आणि नंतरची दोन कमी, ही अगदी बुडबुड्याची ओळख आहे. पहिल्या खेपेला हवा निघून गेली, पुढच्या खेपांना नळी आधीच भरलेली होती. तुमचंही पहिलं रीडिंग नेहमी जास्त येत असेल आणि नंतरची जुळत असतील तर आधी इथे बघा.

परमँगनेटच्या बाबतीत अडचण अशी की द्रावण इतकं गडद असतं की बुडबुडा दिसतच नाही. मी तिला नॉझलच्या मागे मोबाईलचा टॉर्च धरायला लावला, तेव्हा कॉकच्या लगेच खाली एक फिकट पट्टा दिसला, बाकी नळी काळपट जांभळी आणि तेवढाच तुकडा उजळ. तोच बुडबुडा. खिडकीच्या उजेडासमोर धरलं तरी दिसतो, फक्त बघायची सवय पाहिजे.

काढायचा कसा, तर खाली बीकर धरा आणि कॉक एकदम पूर्ण उघडा, हळूहळू नाही. जोराचा प्रवाह हवेला ढकलून बाहेर नेतो, हळू सोडलं तर द्रावण बुडबुड्याच्या बाजूने वाट काढतं आणि बुडबुडा तिथेच. दोन-तीन सेकंदांत गेला नाही तर कॉक उघडा असतानाच नॉझलला बोटाने टिचक्या मारा, किंवा ब्युरेट क्लॅम्पमधून काढून जरा तिरकं धरून सोडा. बऱ्याच ठिकाणी अजून रबर ट्यूब आणि पिंचकॉकवाली ब्युरेट असतात, त्यात बुडबुडा रबराच्या आत लपतो आणि बाहेरून दिसायचा प्रश्नच नाही. त्यासाठी नॉझल हाताने वरच्या दिशेला वाकवा, आकाशाकडे तोंड करून, आणि मग पिंचकॉक दाबा, हवा हलकी असल्यामुळे ती आधी बाहेर पडते. तसं रबरवालं ब्युरेट परमँगनेटला वापरूच नये, रबरावर त्याची क्रिया होते, त्याला काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या कॉकचं घ्या.

आणि हो, उलटंही होतं. कॉक ढिला असेल तर टायट्रेशन चालू असताना बाहेरून हवा आत शिरते आणि नवा बुडबुडा तयार होतो, तेव्हा टायटर कमी दिसतं. म्हणून नॉझलकडे दोनदा बघायचं, सुरुवातीचं रीडिंग घेण्याआधी आणि शेवटचं घेतल्यावर. शेवटी हवा दिसली आणि आधी नव्हती, तर ते रीडिंग खोडून परत करा, त्यातून हिशेबाने दुरुस्ती करायच्या फंदात पडू नका.

बुडबुडा गेला की शून्याच्या वर असलेलं द्रावण सोडून पातळी शून्यावर किंवा त्याच्या खाली कुठेही आणा. बरोब्बर 0.0 वर आणायलाच पाहिजे असं काही नाही. मी मुलांना सांगते की 0.35 वर थांबलं तर 0.35 लिहा, शून्यावर आणायच्या नादात दहा वेळा कॉक फिरवण्यापेक्षा ते बरं. नॉझलच्या टोकाला लटकलेला थेंब बीकरच्या भिंतीला टेकवून काढा, नाहीतर तो मोजणीच्या बाहेरचा थेंब फ्लास्कमध्ये जाईल.

मेनिस्कस, वरचा की खालचा

पाणी काचेला चिकटतं म्हणून पातळी सपाट नसते, कडेला वर चढलेली आणि मधे खोलगट, वाटीसारखी, हाच मेनिस्कस. बिनरंगी द्रावणात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हायड्रोक्लोरिक वगैरे, त्या वाटीचा तळ ज्या रेषेला टेकतो तो आकडा वाचायचा. परमँगनेटमध्ये तळ दिसतच नाही, म्हणून तिथे वरची कड वाचायची. ब्युरेटमध्ये तळ आणि वरची कड यांच्यात दोन-एक मिलिमीटरचं अंतर असतं, आणि 50 मिलीच्या ब्युरेटवर 0.1 मिलीचा भाग साधारण 1 मिलिमीटरचा असतो, म्हणजे 0.2 मिलीच्या आसपास. वरची कड सुरुवातीलाही वाचली आणि शेवटीही वाचली तर वजाबाकीत हा फरक उडून जातो. गडबड होते ती सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरं वाचलं की. असं खरंच होतं, कारण भरल्यावर टॉर्च लावून तळ शोधायचा प्रयत्न केलेला असतो आणि शेवटी घाईत वरची कड वाचली जाते. एकदा ठरवा आणि जर्नलमध्ये रीडिंगच्या वरच लिहून टाका, "वरची कड".

बिनरंगी द्रावणात तळ अंधुक दिसतो, कारण तो आजूबाजूचा सगळा उजेड परावर्तित करतो, ट्यूबलाइट, खिडकी, समोरच्या मुलाचा पांढरा एप्रन. त्यासाठी एक पांढरं कार्ड घ्या, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवा, आणि ब्युरेटच्या मागे असं धरा की काळ्या भागाची वरची कड मेनिस्कसच्या एक-दोन मिलिमीटर खाली राहील. तळ एकदम काळा आणि धारदार होतो. काळी कड किती खाली ठेवता यानेही तळ थोडा वर-खाली दिसतो, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी कार्ड सारखंच धरायचं. काही ब्युरेटच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पट्ट्यावर निळी रेघ असते, तिथे मेनिस्कसपाशी ती निळी रेघ दोन टोकांनी चिमटल्यासारखी दिसते, त्या टोकाचा आकडा वाचायचा, कार्डाची गरज पडत नाही.

दोन रेषांच्या मधे तळ असेल तर अंदाजाने पुढचा आकडा लिहायला शिका. 0.1 च्या अंतराचे मनात दोन भाग केले तर 0.05 सहज कळतं, आणि सवय झाली की 0.02 सुद्धा. बारावीच्या परीक्षेत एकच दशांश चालतो हे मला माहीत आहे, पण बीएस्सीला गेल्यावर ही सवय नसली की फार त्रास होतो.

डोळा कुठे आहे

आता पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा वर-खाली झाला की रीडिंगही बदललेलं दिसणं. याचं कारण एवढंच की रेषा ब्युरेटच्या पुढच्या काचेवर आहेत आणि मेनिस्कसचा तळ नळीच्या मधोमध, त्यांच्यापेक्षा साधारण 6 मिमी मागे. डोळा बरोबर समोर असेल तर दोन्ही एका ओळीत येतात. डोळा वर असेल तर नजर तिरकी खाली जाते, आणि मेनिस्कसकडे जाताना ती पुढच्या काचेला मेनिस्कसच्या वरच्या जागी छेदते. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून वरची जागा म्हणजे लहान आकडा. तर डोळा वर, रीडिंग कमी. डोळा खाली, रीडिंग जास्त. पाठ करायची गरज नाही, ब्युरेटसमोर उभं राहून डोकं वर-खाली करून बघा, मेनिस्कस रेषांवरून सरकताना दिसतो.

सरकतो किती, तर तुम्ही ब्युरेटपासून 30 सेंटीमीटरवर असाल आणि डोळा 5 सेंटीमीटर वर, तर 6 मिमीचा सहावा भाग, म्हणजे 1 मिलिमीटर, म्हणजे 0.1 मिली. पाच सेंटीमीटर म्हणजे मान जराशी ताठ केली की झालं, उंच मुलगा न वाकता उभा राहिला की झालं.

लोक म्हणतात की दोन्ही वेळा सारखीच चूक झाली तर वजाबाकीत जाईल. गेली असती, पण ती सारखी होत नाही. टेबलावर स्टँड, स्टँडवर ब्युरेट, म्हणजे शून्याची रेष बऱ्याच मुलांच्या डोळ्यांच्या वर जाते, ती ते खालून बघतात. आणि टायटर 20-25 मिली आलं की शेवटची पातळी डोळ्यांच्या खाली येते, ती ते वरून बघतात. खालून बघून शून्य लावलं तर खरी पातळी शून्याच्या वर राहिलेली असते. वरून बघून शेवटचा आकडा कमी वाचला जातो. दोन्ही चुका एकाच दिशेला, टायटर कमी करणाऱ्या, त्या एकमेकींना मारत नाहीत तर जोडल्या जातात.

डोळा लेव्हलला आहे हे कळायचा माझा आवडता उपाय म्हणजे कागदाची पट्टी. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची तीन-चार सेंटीमीटर रुंद पट्टी कापा, ब्युरेटभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं मागे एकमेकांवर नीट जुळवून चिमटीत धरा. पट्टीची वरची कड मेनिस्कसच्या किंचित खाली आणा. आता डोकं हलवा. डोळा वर असेल तर पुढच्या कडेच्या वरून पट्टीची मागची कड डोकावते. डोळा खाली असेल तर पुढची कड मागचीला झाकते आणि मेनिस्कसही तिच्या जवळ आल्यासारखा वाटतो. ज्या क्षणी मागची कड पुढच्या कडेमागे नेमकी नाहीशी होते तिथे थांबा आणि वाचा. ब्युरेटवर पूर्ण गोल फिरलेल्या रेषा असतील तर हेच काम त्या रेषा करतात, पण आपल्याकडच्या बऱ्याच ब्युरेटवर रेषा अर्ध्याच असतात.

परमँगनेटमध्ये वरची कड ही स्वतःच एक गोल कडी आहे. वरून बघितलं तर ती लंबगोल दिसते, पुढची बाजू खाली आणि मागची वर, आणि यातली कुठली वाचायची असा प्रश्न पडला की समजायचं डोळा चुकीच्या जागी आहे. लेव्हलला आलात की लंबगोल मिटून एक सरळ रेघ होते. त्या मुलीने शून्य लावताना खालून बघितलं होतं, पण गडद द्रावणात खालून फक्त पुढची कड दिसते आणि ती रेषांच्या अगदी जवळ, एखाद-दीड मिलिमीटरच मागे असते, म्हणून तिचं इथे फारसं नुकसान झालं नाही. तीच सवय घेऊन ती पुढच्या प्रॅक्टिकलला सोडियम हायड्रॉक्साइड वाचायला गेली असती तर झालं असतं.

शून्य उंचावर असेल तर क्लॅम्प खाली घ्या, स्टुलावर चढू नका, हातात काच असताना तर नाहीच. किंवा ब्युरेट क्लॅम्पमधून काढा, वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरा, ते स्वतःच्या वजनाने सरळ लटकतं, आणि डोळ्यांसमोर आणून वाचा. क्लॅम्पमध्येच वाचणार असाल तर ब्युरेट उभं सरळ आहे ना ते पुढून आणि बाजूने असं दोन्हीकडून बघा.

पिपेट

पिपेटला सगळे खुणेवर जीव टाकतात आणि टोकाकडे दुर्लक्ष करतात. खरं तर उलटं पाहिजे. 10 मिली पिपेटची खुणेजवळची मान बारीक असते, आतला व्यास 4 मिमी धरला तर पातळी 1 मिलिमीटर चुकली तरी फरक पडतो 0.013 मिली. ब्युरेटमध्ये तेवढीच चूक 0.1 मिलीची. याचा अर्थ खूण कशीही लावा असा नाही, पण टोकाला राहिलेला किंवा फुंकून काढलेला थेंब यापेक्षा तिपटी-चौपटीने मोठी चूक करतो.

तोंडाने ओढायचं नाही, रबर बल्ब वापरा. टोक द्रावणात दीड-दोन सेंटीमीटर खोल ठेवा आणि ओढताना पातळी खाली जाईल तसं पिपेटही खाली न्या, कारण टोक उघडं पडलं की हवा आत शिरते, फसफसून बुडबुडे चढतात आणि फुगीर भागात जाऊन बसतात. तसं झालं तर सगळं सोडून परत भरा. पातळी खुणेच्या वर गेली की बल्ब काढून तर्जनीने तोंड बंद करा, अंगठ्याने नाही, अंगठ्याने हळू सोडता येत नाही. बोट अगदी कोरडंही नको आणि ओलंचिंबही नको.

मग बाहेरून टिश्यूने पुसा. खूण लावायच्या आधी पुसायचं, नंतर पुसलं तर टिश्यू टोकातून द्रावण शोषून घेतं. टोक बीकरच्या भिंतीला टेकवा, खूण डोळ्यासमोर आणा, बोट जरासं फिरवत हवा आत येऊ द्या आणि मेनिस्कसचा तळ खुणेला टेकला की बोट दाबा. पिपेटची खूण पूर्ण गोल असते, तिची पुढची आणि मागची बाजू एक रेघ दिसली म्हणजे डोळा बरोबर. इथे चूक कुठल्या दिशेला झाली ते ब्युरेटपेक्षा वेगळं कळतं. डोळा वर असेल तर खूण जुळल्यासारखी वाटते पण खरी पातळी खुणेच्या खाली असते, म्हणजे द्रावण कमी भरलं. टोकात हवेचा तुकडा दिसतोय का ते इथेच बघा, असेल तर तेवढं द्रावण कमी आहे.

आता सोडताना. फ्लास्क तिरका धरा, पिपेट सरळ उभी, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकलेलं, आणि बोट पूर्ण काढा. द्रावणाला स्वतःच्या गतीने जाऊ द्या. प्रवाह थांबला की टोक तसंच टेकवून ठेवा आणि मनात पंधरापर्यंत मोजा. भिंतीवर जो पातळ थर राहिलेला असतो तो या वेळात खाली उतरतो. मग टोक भिंतीला एकदा टेकवूनच बाहेर घ्या. टोकात एक छोटासा दांडा राहतो, तो तसाच राहू द्यायचा. पिपेटची खूण लावतानाच कारखान्यात तो थेंब आत राहणार हे धरलेलं असतं. पिपेटवर टीडी किंवा ईएक्स अशी अक्षरं असतात, त्याचा अर्थ "बाहेर सोडलेलं द्रावण एवढं", आत मावणारं नव्हे. काहींवर ईएक्सच्या पुढे 5 किंवा 15 सेकंद असंही छापलेलं असतं, तो थांबायचा वेळ आहे, तो असेल तर माझे पंधरा सोडा आणि छापलेलं पाळा. फुंकून काढायच्या पिपेट वेगळ्या असतात, त्यांच्या वरच्या टोकाला बहुधा रंगीत दुहेरी किंवा खरखरीत पट्टा असतो.

त्या मुलीच्या दुसऱ्या खेपेत, 10.1 मध्ये, हेच होतं. ती शेवटचा थेंब बल्ब दाबून काढत होती, घरी चहाचा कप शेवटपर्यंत रिकामा करावा तशी, अगदी प्रामाणिकपणे, काही वाया जाऊ नये म्हणून. 10 मिलीला 0.04-0.05 मिली ऑक्झॅलिक जास्त गेलं तर परमँगनेटही तेवढंच जास्त लागणार. तिसऱ्या खेपेला बल्ब नीट बसत नव्हता म्हणून तिने तो थेंब सोडून दिला, आणि आकडा खाली आला.

पिपेटचं टोक तुटलेलं असेल तर ती बाजूला काढा, कितीही बारीक टवका असला तरी. टोक रुंद झालं की द्रावण भराभर निघून जातं, भिंतीवर जाड थर मागे राहतो आणि तुमचे पंधरा सेकंद पुरत नाहीत. दोन पिपेट शेजारी धरून पाण्याने रिकाम्या करून बघा, एक निम्म्या वेळात संपली तर तिच्यात खोट आहे.

ब्युरेट वाचायच्या आधी थांबणं

हीच थराची भानगड ब्युरेटमध्येही आहे आणि तिथे ती डोळ्यांनी बघता येते. ब्युरेट पाण्याने शून्यापर्यंत भरा, कॉक पूर्ण उघडा आणि 20 मिलीच्या आसपास बंद करा. लगेच वाचा, लिहा. हात लावू नका, घड्याळ बघा, एक मिनिटाने परत वाचा. पातळी वर चढलेली असते. मी मुलांना हे दाखवते तेव्हा 20.35 चं 20.30 होतं, कधी त्याहून जास्तही. कॉक बंद आहे, कोणी काही ओतलं नाही, आणि पाणी वर चढलं, कारण भिंतीवरचं पाणी सरकत खाली आलं. म्हणजे झटपट सोडून लगेच वाचलं की रीडिंग जास्त येतं.

म्हणून पायलट रीडिंग भरभर घेतलं तरी चालतं, ते नाहीतरी "10 ते 11" असंच लिहायचं असतं. पण पुढच्या खेपांना एंड पॉइंटच्या एक मिली आधीपासून थेंब थेंब या, त्यात आपोआप वेळ जातो आणि थर उतरत राहतो. शेवटचा थेंब टाकला, गुलाबी रंग टिकला, आता अर्धा मिनिट थांबा आणि मग वाचा. नॉझलला अर्धवट थेंब लटकला असेल तर तो फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून घ्या आणि पाण्याने आत ढकला, तो ब्युरेटच्या आकड्यात आधीच मोजला गेलाय. तसंच शून्य लावल्यावरही थोडं थांबा, वरून नुकतंच ओतलेलं असतं आणि भिंत ओली असते, लगेच लावलेलं शून्य अर्ध्या मिनिटात शून्याच्या वर गेलेलं दिसतं.

हे सगळं करून त्या मुलीने परत तीन खेपा घेतल्या, टॉर्चने नॉझल बघून, थेंब न फुंकता, थांबून. 9.95, 10.00, 10.00.

स्वतःचा हात तपासायचा असेल तर पिपेट आणि वजनकाटा पुरतो. एक झाकणाची छोटी बाटली तोलून घ्या, तिच्यात पिपेटने 10 मिली डिस्टिल्ड वॉटर सोडा, परत तोला. पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असू द्या. 27 अंश सेल्सिअसला 10 मिली पाण्याचं वजन काट्यावर 9.95 ते 9.96 ग्रॅम भरतं, 10 नाही, कारण त्या तापमानाला पाणी जरा विरळ झालेलं असतं आणि हवाही थोडं उचलून धरते. असं पाच वेळा करा. पाचही आकडे एकमेकांपासून 0.02 ग्रॅमच्या आत असतील तर हात बसलाय. सगळे सारखेच पण 0.05 ने जास्त असतील तर तुम्ही थेंब फुंकताय. आणि आकडे विखुरलेले असतील, कधी 9.92 तर कधी 9.98, तर शेवटी थांबायचा वेळ दर वेळी वेगळा होतोय किंवा टोक भिंतीला टेकत नाहीये, पुढच्या पाच वेळा फक्त तेवढ्या एका गोष्टीकडे लक्ष देऊन परत तोला.